चार दिवसांसाठी गाडी ठरवल्यावर चालकाला पाठवायचा ईमेल: मार्ग, वेळा, दर आणि मुक्काम

भाड्याच्या गाडीचा व्यवहार आपल्याकडे बहुतेक वेळा फोनवरच ठरतो. "चार दिवस, अजिंठा-वेरूळ-शिर्डी, किलोमीटरला पंधरा रुपये" एवढ्या बोलण्यावर दोन्ही बाजूंना सगळे ठरल्यासारखे वाटते. पण त्या एका वाक्यात गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून मोजायची की आपल्या दारापासून, दिवसाला किमान किती किलोमीटर धरायचे, चालक रात्री कोठे झोपणार, टोल कोणी भरायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते. ही उत्तरे चौथ्या दिवशी संध्याकाळी, सगळे थकलेले असताना आणि सामान उतरवत असताना शोधावी लागली, तर वाद होतो आणि त्या वादात बहुधा कोणीच खोटे बोलत नसते. म्हणून फोनवर ठरलेले सगळे एका ईमेलमध्ये लिहून चालकाकडून त्याला होकार घ्यावा. तो ईमेल कसा तयार करायचा, हे येथे एक प्रवास उदाहरणासाठी घेऊन सांगतो.

प्रवास असा आहे. पुण्याहून पाच जण, त्यांत दोन ज्येष्ठ, शुक्रवार १६ जानेवारी २०२६ ते सोमवार १९ जानेवारी २०२६ या चार दिवसांसाठी निघणार आहेत. पहिले दोन मुक्काम छत्रपती संभाजीनगरला आणि तिसरा शिर्डीला आहे. गाडी सात आसनी, वातानुकूलित आहे आणि चालक स्वतःच तिचा मालक आहे. दराचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गावात आणि हंगामात ते वेगळे असतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

पहिली पायरी: मार्ग वारांशी जुळवून घ्या

ईमेल लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार पाहून घ्यावा, कारण चुकीच्या क्रमाने लिहिलेला मार्ग चालकही निमूटपणे पाळतो. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. शुक्रवारी निघणाऱ्यांनी शनिवारी अजिंठा आणि रविवारी वेरूळ ठेवले, तर दोन्ही पाहून होतात आणि काही कारणाने अदलाबदल करावी लागली तरी चालते. मात्र अजिंठा एक दिवस पुढे ढकलून सोमवारवर नेता येत नाही. ही गोष्ट ईमेलमध्ये एका वाक्याने लिहून ठेवावी. शुक्रवारी रस्त्यात काही बिघाड झाला आणि "अजिंठा सोमवारी करू" असे कोणी सहज सुचवले, तर ते का जमणार नाही हे चालकाला आधीच ठाऊक असते.

मार्ग लिहिताना केवळ गावांची नावे देऊन थांबू नये. कोणत्या रस्त्याने जायचे तेही लिहावे. शिर्डीहून पुण्याला संगमनेर, नारायणगाव, चाकण असे येता येते आणि अहिल्यानगरवरूनही येता येते. संभाजीनगरच्या बाजूने शिर्डीकडे जाताना वैजापूरवरून जुना रस्ता आहे आणि समृद्धी महामार्गही आहे. समृद्धीवर वेळ वाचतो, पण जितके अंतर तितका टोल लागतो, आणि टोल प्रवाशांनी द्यायचा असेल तर रस्ता निवडण्याचा अधिकारही प्रवाशांकडे असायला हवा. आमच्या उदाहरणात तिसऱ्या दिवशी वेरूळहून थेट शिर्डी गाठायची असल्याने वैजापूरचा रस्ता धरला आहे.

मग अंदाजे अंतर मांडावे. पुणे ते संभाजीनगर सुमारे २४० किलोमीटर. त्यात गॅरेजपासून घरापर्यंतचे आणि संध्याकाळी शहरात फिरण्याचे मिळून तीस धरले की पहिला दिवस २७० चा होतो. अजिंठ्याला जाऊन-येऊन सुमारे २१५. तिसऱ्या दिवशी वेरूळमार्गे शिर्डी सुमारे १४०. शेवटच्या दिवशी शिर्डी ते पुणे आणि पुढे गॅरेज मिळून सुमारे २०५. सगळे मिळून ८३० किलोमीटर होतात. पुढचा सगळा हिशोब या एका आकड्यावर उभा राहतो, त्यामुळे तो काढल्याशिवाय दराची बोलणी पूर्ण झाली असे समजू नये.

दुसरी पायरी: वेळ आणि जागा एकत्र लिहा

"सकाळी लवकर" किंवा "सहा-साडेसहाला" अशी वेळ लिहिली की चालक साडेसहाला येतो आणि प्रवासी सहापासून फाटकात उभे असतात. वेळ एकच लिहावी, आणि ती गाडी दारात येण्याची आहे की निघण्याची, हेही स्पष्ट करावे. मी नेहमी दोन्ही लिहितो: ५.४५ ला गाडी दारात, ६.०० ला प्रस्थान. ती पंधरा मिनिटे सामान बसवायला लागतातच.

वेळ ठरवण्यामागचे कारण एका शब्दसमूहात दिले, तर चालक ती वेळ अधिक गांभीर्याने घेतो. पुण्याहून अहिल्यानगर रस्त्याने निघताना वाघोली आणि शिक्रापूर येथे सकाळी वाहतूक तुंबते, म्हणून सहाला निघायचे. अजिंठ्याची लेणी सकाळी नऊच्या सुमारास उघडतात आणि संभाजीनगरपासून सिल्लोडमार्गे सुमारे अडीच तास लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघायचे. शेवटच्या दिवशी चाकणची संध्याकाळची गर्दी टाळायची, म्हणून शिर्डीहून अकराला निघायचे.

अजिंठ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लिहावी लागते. खासगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहीत. फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी उभी करायची आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर तेथील बसने जायचे, अशी व्यवस्था आहे. म्हणजे चालक पाच-साडेपाच तास टी पॉइंटवर थांबणार आणि प्रवासी दुसरीकडे असणार. परत भेटण्याची वेळ आणि जागा आधी लिहिलेली असेल, तर तेवढा वेळ चालकाला निश्चिंतपणे झोपता येते. प्रत्येक पंधरा मिनिटांनी फोन पाहत बसलेला चालक परतीच्या प्रवासात पेंगतो, आणि याचा धोका गाडीतल्या सर्वांनाच असतो.

वेळापत्रक पूर्ण झाल्यावर ते एकदा चालकाच्या बाजूने वाचावे. रात्री त्याला मोकळे करण्याची वेळ आणि दुसऱ्या दिवशी गाडी दारात लावण्याची वेळ यांत निदान नऊ-दहा तास असले पाहिजेत, कारण त्यातच त्याला जेवायचे, झोपायचे, आंघोळ करायची आणि गाडी पुसायची असते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ धरले होते आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना लागू होता. एकट्या मालक-चालकाला तो लागू नव्हता, तरी त्याच्याही शरीराला हेच माप लागते. आमच्या वेळापत्रकात दुसरा दिवस पहाटेचा आहे, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बीबी का मकबरा पाहून सातपर्यंत चालकाला मोकळे केले आहे. रात्रीचे जेवण हॉटेलजवळच ठेवले आहे, म्हणजे त्यासाठी गाडी पुन्हा काढावी लागत नाही.

तिसरी पायरी: दराचा हिशोब उघडून दाखवा

येथे सर्वाधिक गैरसमज होतात, म्हणून थोडे सावकाश पाहू. बाहेरगावच्या भाड्यात किलोमीटरच्या दराबरोबर दिवसाचे किमान किलोमीटरही ठरलेले असतात, आणि ते बहुधा ३०० असतात. याचा अर्थ गाडी कमी धावली तरी चार दिवसांचे १,२०० किलोमीटर आकारले जातात. आमचा प्रवास ८३० चा आहे. पंधरा रुपये दराने १,२०० किलोमीटरचे १८,००० रुपये होतात, म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक धावलेल्या किलोमीटरला एकवीस रुपयांहून अधिक पडतात.

यात चालकाची लबाडी नाही. गाडी चार दिवस अडकून राहते, तिचे हप्ते आणि विमा थांबत नाहीत, आणि किमान आकार नसेल तर कमी अंतराचा प्रवास त्याला परवडत नाही. मात्र ज्या प्रवासात गाडी एका जागी बराच वेळ उभी राहणार आहे, तेथे दर कमी करून मागण्यापेक्षा किमान किलोमीटर कमी करून मागणे अधिक न्याय्य असते. दर घटवला की चालक डिझेलवर आणि देखभालीवर काटकसर करतो. किमान आकडा २५० वर आणला, तर त्याचा प्रत्येक किलोमीटरचा दर तोच राहतो आणि उभ्या गाडीसाठीची आकारणी तेवढी कमी होते. २५० किमानाने चार दिवसांचे १,००० किलोमीटर, म्हणजे १५,००० रुपये होतात. तीन हजारांचा फरक पडतो, आणि ८३० च्या वर १७० किलोमीटर हाताशी राहतात. वाटेत पैठणला जावेसे वाटले तर तेवढ्यात ते बसते.

किमान किलोमीटर चारही दिवसांच्या बेरजेवर मोजायचे की रोजचे वेगळे, हेही लिहावे. रोजचे वेगळे मोजले तर पहिल्या दिवशीचे वीस जादा किलोमीटर वेगळे आकारले जातात आणि तिसऱ्या दिवशीचे न वापरलेले एकशे दहा वाया जातात. एखाद्या दिवशी गाडी चारशे धावणार असेल, तर हा फरक बराच मोठा होतो. "एकूण बेरजेवर" हे दोन शब्द पुरेसे आहेत.

दिवसाची मोजणीही स्पष्ट हवी. बहुतेक ठिकाणी रात्री बारा ते रात्री बारा असा एक दिवस धरतात. चौथ्या दिवशी घरी पोहोचायला मध्यरात्र उलटली, तर पाचव्या दिवसाचे किमान भाडे मागितले जाऊ शकते. आमचा प्रवास पाचच्या सुमारास संपतो, तरीही वाट अडली तर काय, हे एका वाक्यात ठरवून ठेवले आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगता येतात. चालकाचा भत्ता रोज ४०० प्रमाणे १,६०० रुपये, आणि त्यात त्याची सर्व जेवणे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत प्रवासी बसलेले असताना गाडी चालवावी लागली, तरच रात्रीचा जादा आकार. सहाच्या प्रस्थानासाठी गॅरेजमधून साडेपाचला निघणे त्यात मोडत नाही. इंधन दरात समाविष्ट. टोल आणि पार्किंग प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे. फास्टॅगमुळे टोलची कागदी पावती आता सहसा हातात येत नाही. पैसे चालकाच्या खात्यातून कापले जातात आणि त्याच्या फोनवर संदेश येतो, तेव्हा त्या संदेशांवरून शेवटी बेरीज करायची असे लिहावे. जीएसटी लागणार असेल, तर तो दरात आहे की वर, हे फोनवरच विचारून घ्यावे. मार्ग राज्याबाहेर, उदाहरणार्थ गोव्यात जाणारा असेल, तर परमिट आणि प्रवेशकराचा खर्च कोणाचा, ही ओळ वाढते. आमच्या मार्गात तिची गरज नाही.

चौथी पायरी: रात्रीच्या मुक्कामाची व्यवस्था

"चालकाची सोय हॉटेलवर होईल" हे वाक्य मला फार अपुरे वाटते. अनेक हॉटेलांत चालकांसाठी सामाईक खोली असते, पण तेथील खाटा मोजक्या असतात आणि शनिवार-रविवारी त्या लवकर भरतात. खोली मिळाली नाही की चालक गाडीतच सीट मागे करून झोपतो, आणि त्याबद्दल तो बहुधा काहीच बोलत नाही. म्हणून हॉटेलला आधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: चालकासाठी खाट राखून ठेवता येईल का, स्वच्छतागृह आणि सकाळचे गरम पाणी मिळेल का, त्याचे पैसे लागतात का, आणि गाडी हॉटेलच्या आवारात राहील की दूर. शिर्डीत अनेक निवासांना स्वतःचे वाहनतळ नसते. गाडी लांब लावावी लागली तर चालक सामान आणि गाडी सोडून खोलीवर झोपायला तयार होत नाही, हे ध्यानात घ्यावे.

हॉटेलकडून स्पष्ट होकार मिळाला नाही, तर जवळच्या लॉजमध्ये खोली घेऊन द्यावी किंवा त्यासाठी ठरावीक रक्कम द्यावी. रक्कम दिली की तो ती वाचवून गाडीतच झोपण्याची शक्यता असते, म्हणून मी खोलीच घेऊन देणे पसंत करतो. आपण खोली दिली तरी जेवणाचा भत्ता कापला जाणार नाही, हेही लिहावे. तो कापला जाईल अशी शंका त्याच्या मनात असते.

ईमेलचा नमुना

हे सगळे एकत्र आल्यावर ईमेल असा दिसेल. तो मजकुरातच लिहावा; जोडलेली फाइल फोनवर उघडत नाही किंवा उघडली तरी वाचवत नाही.

विषय: १६ ते १९ जानेवारी २०२६, पुणे–संभाजीनगर–शिर्डी–पुणे, गाडी निश्चिती

नमस्कार दादा,

आपले फोनवर ठरल्याप्रमाणे चार दिवसांच्या प्रवासाचा तपशील खाली देत आहे. कृपया पूर्ण वाचावा आणि काही वेगळे असेल तर ११ जानेवारीपर्यंत कळवावे.

गाडी: सात आसनी, एसी, पिवळ्या नंबरप्लेटची, क्रमांक ______. प्रवासी पाच, मोठ्या बॅगा चार. गाडी किंवा चालक बदलणार असल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे.

शुक्रवार, १६ जानेवारी: सकाळी ५.४५ ला गाडी दारात (पत्ता: ______), ६.०० ला प्रस्थान. शिरूर, अहिल्यानगरमार्गे संभाजीनगर. वाटेत रांजणगावला दर्शन आणि नाश्ता. दुपारी एकच्या सुमारास हॉटेलवर. पुन्हा ४.३० ला बीबी का मकबरा. संध्याकाळी ७.०० नंतर आपण मोकळे.

शनिवार, १७ जानेवारी: सकाळी ६.१५ ला गाडी हॉटेलच्या दारात, ६.३० ला प्रस्थान. सिल्लोडमार्गे फर्दापूर टी पॉइंट. तेथून आम्ही बसने लेण्यांकडे जाऊ. दुपारी २.३० ला टी पॉइंटच्या वाहनतळावर भेटू. तोपर्यंत आपण विश्रांती घ्यावी. संध्याकाळी ५.३० नंतर मोकळे. सोमवारी अजिंठा बंद असल्याने हा दिवस पुढे ढकलता येणार नाही.

रविवार, १८ जानेवारी: सकाळी ७.४५ ला गाडी दारात, सामानासह ८.०० ला प्रस्थान. वेरूळ लेणी, घृष्णेश्वर, जेवण. ३.३० ला वैजापूरमार्गे शिर्डीकडे. संध्याकाळी ६.३० च्या सुमारास पोहोचून मोकळे.

सोमवार, १९ जानेवारी: सकाळी आम्ही पायी दर्शनाला जाऊ, गाडी लागणार नाही. १०.४५ ला गाडी हॉटेलच्या दारात, ११.०० ला प्रस्थान. संगमनेर, नारायणगाव, चाकणमार्गे पुणे, साधारण पाचपर्यंत.

दर: प्रति किलोमीटर १५ रुपये, इंधन आणि कर यात आले. किमान २५० किलोमीटर रोज, एकूण बेरजेवर, म्हणजे चार दिवसांचे १,००० किलोमीटर = १५,००० रुपये. त्यापुढील प्रत्येक किलोमीटर १५ रुपये. मोजणी गॅरेज ते गॅरेज. चालक भत्ता ४०० × ४ = १,६०० रुपये, यात आपली जेवणे आली. एकूण १६,६०० रुपये. टोल आणि पार्किंग वेगळे, फास्टॅगच्या संदेशांप्रमाणे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आम्ही बसलेले असताना गाडी चालवावी लागल्यास त्या रात्रीचे ३०० रुपये जादा. रस्ता बंद पडून परतीला मध्यरात्र झाली, तर पाचवा दिवस न धरता रात्रीचा जादा आकार आणि धावलेले किलोमीटर एवढेच धरावे.

रक्कम: ५,००० रुपये आगाऊ आज यूपीआयने पाठवले आहेत. उरलेले ११,६०० रुपये, जादा काही झाल्यास ते, आणि टोल-पार्किंग असे सर्व सोमवारी घरी पोहोचल्यावर देऊ.

मुक्काम: १६ आणि १७ जानेवारी, संभाजीनगर, हॉटेल ______, चालकांच्या खोलीत आपल्यासाठी खाट राखली आहे, गाडी आवारात राहील. १८ जानेवारी, शिर्डी, ______; आपल्यासाठी वेगळी खोली घेतली आहे. तिन्ही रात्रींचे पैसे आम्ही देऊ. भत्त्यातून कापणार नाही. कोठे सोय नीट नसेल तर त्याच रात्री मला सांगावे.

निघताना आणि परतल्यावर मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांनी काढून ठेवू.

वरील सर्व मान्य असल्यास "मान्य" असे उत्तर पाठवावे.

आपला/आपली,
______ (फोन: ______)

पाचवी पायरी: पाठवल्यानंतर

चालकाचा ईमेल पत्ता असतो, पण तो रोज पाहिला जातोच असे नाही. म्हणून ईमेल पाठवून लगेच फोन करावा, आणि वेळापत्रकाचा भाग व्हॉट्सॲपवरही पाठवावा. होकार मात्र ईमेलच्या उत्तरातच घ्यावा, कारण तेथे प्रश्न आणि उत्तर एकत्र राहतात. "ठीक आहे बघू" असे उत्तर आले तर तो होकार नव्हे. बहुधा एखादी बाब त्याला खटकलेली असते, आणि ती किमान किलोमीटरची किंवा मध्यरात्रीची असण्याची शक्यता अधिक. फोन करून विचारावे, बदल ठरला तर मूळ ईमेल पुसून नवा न लिहिता त्याच धाग्यात "बदल: …" असे एक वाक्य पाठवून पुन्हा होकार घ्यावा.

गाडी एकाची आणि चालक दुसरा असेल, तर ईमेल मालकाला लिहावा आणि चालकालाही त्याची प्रत द्यावी, दरांसकट. दर चालकापासून लपवले की भत्ता मालकाकडून मिळणार की प्रवाशांकडून, हे त्याला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो संकोचाने जेवणाचे पैसे मागतो. नमुन्यातील भत्त्याच्या ओळीत अशा वेळी "हा भत्ता आम्ही रोज संध्याकाळी थेट चालकाला देऊ आणि शेवटच्या रकमेतून वजा करू" असे वाक्य घालावे.

पिवळ्या नंबरप्लेटचा उल्लेख नमुन्यात मुद्दाम आहे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणे परवान्याच्या नियमांचे उल्लंघन आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. ऐन सकाळी दारात पांढऱ्या प्लेटची गाडी उभी राहिली, तर "मान्य" असे उत्तर आलेला हा ईमेल दाखवून दुसरी गाडी मागता येते.

शेवटच्या दिवशी हिशोब गाडीतून उतरण्यापूर्वी करावा. मीटरचे दोन फोटो, फास्टॅगचे संदेश आणि पार्किंगच्या पावत्या समोर ठेवून, ईमेलमधील दराची ओळ उघडून बेरीज करावी. गॅरेजपर्यंतचे परतीचे अंतर अजून धावायचे असते, ते सकाळी गॅरेजपासून घरापर्यंत जेवढे झाले तेवढेच धरावे. रक्कम यूपीआयने पाठवताना "१६–१९ जानेवारी, पूर्ण हिशोब" असे टिपणीत लिहावे आणि त्याच ईमेल धाग्यात किलोमीटर, टोल आणि दिलेली रक्कम यांची एक ओळ पाठवावी.